केसभर ताणाचा हिशेब : फ्लँज, गॅस्केट आणि समोरासमोरचे बोल्ट

तुमच्यापैकी अनेकांनी इथे परदेशात आल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने गाडीचं चाक बदललं असेल. भारतात आपण पंक्चरवाल्याला हाक मारतो, इथे रस्त्याच्या कडेला उभं राहून गाडीबरोबरचं पुस्तक उघडावं लागतं. त्या पुस्तकात एक चित्र असतं. चाकाचे पाच नट ओळीने न आवळता एक सोडून एक, चांदणी काढतो त्या क्रमाने आवळा, असं ते चित्र सांगतं. का, ते मात्र सांगत नाही. चाक नीट बसावं म्हणून असेल, असं म्हणून आपण नट आवळतो आणि पुढे जातो.

मी आखातात इमारतींना थंड पाणी पुरवणाऱ्या यंत्रणांची देखभाल करतो. तुम्ही दुबईत, मस्कतला किंवा दोह्यात राहत असाल, तर तुमच्या घरातला एसी बहुधा अशाच पाण्यावर चालत असेल. तळघरात किंवा शेजारच्या इमारतीत मोठे पंप असतात आणि ते साधारण ५ ते ७ अंश सेल्सियसचं पाणी पाइपांतून फिरवत राहतात. प्रत्येक पंपाला पाणी आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन जोड असतात. जवळच्या प्रत्येक व्हॉल्व्हला आणखी दोन. हे जोड म्हणजे फ्लँज : पाइपाच्या टोकाला जोडलेली जाड लोखंडी थाळी आणि तिच्या कडेने बोल्टांची भोकं. अशा दोन थाळ्या समोरासमोर आणायच्या, मध्ये गॅस्केटची चकती ठेवायची आणि बोल्ट आवळायचे. दिसायला याहून सोपं काम नाही. गळणारे जोड मी जितके पाहिलेत त्यांतले बहुतेक या सोपेपणामुळेच गळत होते.

एक जोड तपशिलात सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळ्या चुका एकत्र झाल्या होत्या. त्यातली एक माझी होती.

पंपाच्या बाहेरच्या बाजूचा ४ इंची पाइप. क्लास १५० चा पोलादी फ्लँज, म्हणजे ८ बोल्ट, प्रत्येक ५/८ इंच जाडीचा. पाण्याचा दाब जास्तीत जास्त १० बार. पंप दुरुस्त करून परत बसवला, दोन दिवस सगळं ठीक होतं, आणि तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाने थेंब पडायला लागले. मी तेव्हा नवीन होतो. जिथून पाणी येत होतं तिथले दोन बोल्ट मोठ्या पान्याने आणखी पिळले. थेंब थांबले. संध्याकाळी ते समोरच्या बाजूने, वरून यायला लागले. मग वरचे दोन पिळले. दुसऱ्या दिवशी खालून पुन्हा, आता धार.

आमचे फोरमन सांगली जिल्ह्यातले, पंपांमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आवळत नाही आहात, तुम्ही एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला देताय." तेव्हा मला ते टोमण्यासारखं वाटलं. नंतर हिशेब केला तेव्हा कळलं की त्यांनी या विषयाचं सगळं यंत्रशास्त्र एका वाक्यात सांगितलं होतं.

तो हिशेब तुम्हीही करून पाहा. १० बार दाबाचं पाणी दोन फ्लँजना एकमेकांपासून ढकलतं. गॅस्केटच्या आतल्या आणि बाहेरच्या व्यासाची सरासरी धरली, तर या ४ इंची जोडावर ते बळ साधारण १५ किलोन्यूटन, म्हणजे दीड टन वजनाइतकं भरतं. आठ बोल्टांत वाटलं तर प्रत्येकाला दोनशे किलोही येत नाही. ५/८ इंची बोल्टाला हे काहीच नाही. मग जोड गळतो कसा?

कारण बोल्टाचं मुख्य काम पाण्याला अडवून धरणं नाही, गॅस्केटला चिरडणं हे आहे. फ्लँजचं तोंड आरशासारखं गुळगुळीत नसतं. त्यावर जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल चऱ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. गॅस्केटचा पदार्थ त्या चऱ्यांमध्ये दाबला गेला की पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. आपल्या जोडातल्या तंतुमय गॅस्केटसाठी मी प्रत्येक बोल्टावर ३० किलोन्यूटन ताण धरतो. आठ मिळून २४० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २४ टन. फ्लँजच्या उंचावलेल्या तोंडावर गॅस्केट टेकतं ते क्षेत्र साधारण ९,१५० चौरस मिमी. भागाकार केला की दर चौरस मिमीला २६ न्यूटन. एवढा दाब मिळाला की गॅस्केट नीट बसतं. पाण्याचे दीड टन त्यातून वजा झाले तरी फरक पडत नाही.

आता खरी गंमत. ३० किलोन्यूटनने ओढल्यावर हा बोल्ट किती लांबतो? दोन फ्लँजची जाडी आणि नटाचा काही भाग मिळून ताण घेणारी लांबी साधारण ६५ मिमी. पोलादाचा लवचिकपणा माहीत आहे, त्यावरून उत्तर निघतं सुमारे ०.०७ मिमी. माणसाच्या केसाची जाडी साधारण एवढीच असते.

म्हणजे २४ टनांचं ते बळ केसभर लांबलेल्या आठ स्प्रिंगांमध्ये साठवलेलं आहे. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे, तो अतिशय ताठ स्प्रिंग आहे. ती स्प्रिंग काही कारणाने अर्ध्या केसाने आखूड झाली, तर जवळजवळ अर्धं बळ गेलं. फ्लँज स्वतःही थोडा वाकतो आणि परत यायला पाहतो, त्यामुळे प्रत्यक्षात तोटा थोडा कमी होतो. पण अंदाज यावा म्हणून हा आकडा डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी गॅस्केट. आमच्या जोडात ३ मिमी जाडीचा पत्रा कापून घातला होता. "जाड म्हणजे जास्त भरवशाचं" ही समजूत फार पक्की आहे. तोंडावर थोडी खोक असेल तर जाड गॅस्केट ती भरून काढेल, असं वाटतं. पण तंतू आणि रबर मिळून बनलेला हा पत्रा दाबाखाली हळूहळू पसरतो, बसतो. जाडी जितकी जास्त, तितकं हे बसणं जास्त. ३ मिमीचं गॅस्केट आवळून झाल्यावर नुसतं १ टक्का आणखी बसलं, तर ते झाले ०.०३ मिमी, म्हणजे आपल्या केसाचा जवळजवळ अर्धा भाग. तेच गॅस्केट १.५ मिमीचं असतं तर तोटा निम्मा झाला असता. दोन दिवस कोरडा राहिलेला जोड तिसऱ्या दिवशी गळतो तो यामुळेच. तोंडं साफ आणि समांतर असतील तर पातळ गॅस्केट घ्यायचं. तोंडं खराब असतील तर तोंडं दुरुस्त करायची. विशेषतः आतून बाहेर जाणारा एखादा आडवा ओरखडा असेल तर तो सगळ्या चऱ्या तोडत जातो आणि पाण्याला सरळ रस्ता देतो. त्यावर जाड गॅस्केट हा उपाय नाही.

पदार्थ निवडताना आत काय वाहतंय आणि किती गरम आहे, हे दोन प्रश्न पहिले. पाण्याला ईपीडीएम रबर उत्तम, पण तेच तेलाच्या पाइपाला लावलं तर फुगून मऊ होतं. तेलाला नायट्राइल लागतं. वाफेला ग्राफाइट. रसायनांना टेफ्लॉन चालतं, पण शुद्ध टेफ्लॉन साध्या तापमानालाही दाबाखाली सरकत राहतं, आणि केसभर ताणाच्या हिशेबात ते फार महाग पडतं.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : माझे बोल्ट या गॅस्केटला पुरेसं चिरडू शकतील का? एका ठिकाणी मी पाहिलं, समुद्राजवळ गंज लागतो म्हणून स्टेनलेसचे बोल्ट घातले होते, आणि "चांगलं असू दे" म्हणून स्पायरल वाउंड गॅस्केट. म्हणजे स्टेनलेसची पट्टी आणि ग्राफाइट एकत्र गुंडाळून केलेली चकती, बाहेरून हिरवं कडं असलेली. दोन्ही गोष्टी महाग, दोन्ही आपापल्या जागी उत्तम, आणि जोड पहिल्या दिवसापासून ओला. या गॅस्केटला नीट बसायला ४ इंची फ्लँजवर प्रत्येक बोल्टाकडून सुमारे ४२ किलोन्यूटन लागतात. साध्या, मऊ प्रतीच्या स्टेनलेसचा ५/८ इंची बोल्ट ३० किलोन्यूटनच्या आसपासच कायमचा लांबायला लागतो. फिटरने कितीही जोर लावला असता तरी तो जोड बंद झाला नसता. तिथे एक तर बी७ प्रतीचे मिश्रपोलादाचे स्टड हवे होते, नाही तर साधं पातळ तंतुमय गॅस्केट. आणि त्या साध्या गॅस्केटसाठीही मऊ स्टेनलेस अगदी काठावर येतं. मी धरलेले ३० किलोन्यूटन बी७ स्टडसाठी आहेत. त्यांना ते सहज पेलतं.

आता आवळणं. हा ३० किलोन्यूटन ताण आपल्याला दिसत नाही, दिसतो तो टॉर्क रेंचवरचा आकडा. दोघांचं नातं ढोबळ आहे : ताण गुणिले बोल्टाचा व्यास गुणिले घर्षणाचा एक गुणांक. वंगण लावलेल्या आट्यांसाठी गुणांक ०.२ धरला, तर ३०,००० गुणिले ०.०१५९ मीटर गुणिले ०.२, म्हणजे सुमारे ९५ न्यूटन-मीटर. तुम्ही लावलेल्या जोराचा साधारण दहावा भागच बोल्ट लांबवण्यात जातो, बाकीचा नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घासण्यात संपतो. म्हणून कोरडे, गंजलेले आटे धोकादायक. गुणांक ०.३ झाला की त्याच ९५ न्यूटन-मीटरला २० किलोन्यूटनच मिळतात. रेंच "टक्" म्हणतो, फिटर वहीत बरोबर लिहितो, आणि जोडात एक तृतीयांश बळ कमी असतं. आमचे स्टड असेच कोरडे होते. वंगण आट्यांना आणि नटाच्या टेकणाऱ्या बाजूला लावायचं. गॅस्केटला अजिबात नाही, तेलकट गॅस्केट दाबाखाली घसरून बाहेर येतं.

आणि आता तो चांदणीचा क्रम, किंवा आमच्या भाषेत "समोरासमोर". समजा तुम्ही पहिला बोल्ट पूर्ण आवळला. त्याच्याखालचं गॅस्केट दबलं, फ्लँज त्या बाजूला झुकला, समोरची फट उघडली. मग तुम्ही शेजारचा आवळला. त्याने गॅस्केट आणखी थोडं दाबलं, म्हणजे पहिल्या बोल्टाखालची जाडी कमी झाली. पहिला बोल्ट केसाच्या एखाद्या अंशाने आखूड झाला, आणि आपण पाहिलंच की तो अंश म्हणजे किती. शेजाऱ्याला आवळलं की आधीचा सैल होतो. मऊ गॅस्केट असेल तर एका फेरीनंतर आधी आवळलेल्या बोल्टांचा निम्मा ताणसुद्धा उडालेला असू शकतो. नट हलला नाही, रेंच खोटं बोलला नाही, तरीही. मी खालचे दोन पिळत होतो तेव्हा वरच्यांचं नेमकं हेच होत होतं. "एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला."

समोरासमोरच्या क्रमाने हा परिणाम नाहीसा होत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण तसं समजतात. त्या क्रमाने फ्लँज सरळ खाली येतो, एका बाजूला कलत नाही, गॅस्केट एका कडेला चिरडत नाही. पण शेजाऱ्यामुळे सैल होणं राहतंच. त्यावर उपाय आहे फेऱ्यांचा.

जुना जोड आम्ही उघडला तेव्हा गॅस्केट एका बाजूला २.५ मिमी आणि समोर २.८ मिमी भरलं. नवीन जोड आम्ही असा केला. तोंडं तारेच्या ब्रशने चऱ्यांच्या दिशेने साफ केली. १.५ मिमीचं कापलेलं नवीन गॅस्केट घेतलं, फ्लँजवर हातोडीने ठोकून कापलेलं नाही. बी७ स्टड, नवे नट, कडक वॉशर, वंगण. खडूने फ्लँजवर घड्याळाच्या दिशेने १ ते ८ आकडे लिहिले, कारण घाईत माणूस मोजणं विसरतो. हाताने नट भिडवले आणि चारी बाजूंनी फट मोजली. मग क्रम १, ५, ३, ७, नंतर २, ६, ४, ८. पहिली फेरी ३० न्यूटन-मीटरला. पुन्हा फट मोजली, सगळीकडे सारखी होती. दुसरी फेरी त्याच क्रमाने ६० ला, तिसरी ९५ ला. त्यानंतर क्रम सोडून दिला आणि ९५ वरच गोल फिरलो, १ पासून ८ पर्यंत ओळीने. पहिल्या गोल फेरीत पाच नट हलले. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात एकही नाही. एकही नट हलत नाही, तोवर जोड पुरा झाला असं म्हणायचं नाही.

इथे वाचक विचारतील, ओळीने फिरायचंच होतं तर आधी का नाही? कारण आता फ्लँज समांतर बसलाय आणि सगळे बोल्ट पूर्ण ताणाच्या जवळ आहेत. आता शेजाऱ्यांची देवाणघेवाण थोड्याच अंशाची आहे आणि गोल फेरी ती भरून काढते. कोऱ्या गॅस्केटवर पहिलीच फेरी ओळीने घेतली असती तर फ्लँज कलला असता.

पंपाच्या बाबतीत एक काम यासोबतच करायचं असतं, ते व्हॉल्व्हला लागत नाही. पाइप जर पंपाच्या तोंडाशी नीट जुळत नसेल, तर फिटर बोल्ट आवळून त्याला ओढून आणतो. फट बंद होते, सगळे खूश. पण आता पाइप पंपाला सतत खेचत राहतो, पंपाचा दंड मोटरच्या रेषेतून सरकतो, आणि काही महिन्यांनी बेअरिंग आणि सील जातात. दोष मात्र बेअरिंगला दिला जातो. म्हणून आम्ही कपलिंगवर डायल गेज लावून ठेवतो आणि फ्लँज आवळताना काटा पाहतो. ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर थांबायचं, बोल्ट सोडायचे, आणि पाइपाचे आधार दुरुस्त करायचे. ०.०५ मिमी, पुन्हा केसाच्याच मापाचं.

पंपाचं तोंड ओतीव बिडाचं असेल तर आणखी एक सापळा. बिडाचे फ्लँज सपाट तोंडाचे असतात, पोलादी फ्लँजचं मधलं तोंड उंचावलेलं असतं. क्लास १२५ चा बिडाचा आणि क्लास १५० चा पोलादी फ्लँज यांची भोकं जुळतात, त्यामुळे कुणालाही वाटतं की चालेल. आवळल्यावर बिडाची कड उंचावलेल्या तोंडावरून वाकायला पाहते. बीड वाकत नाही, तुटतं. एका पंपाचा कान असा "कट्" आवाज करून तुटलेला मी ऐकला आहे. तिथे पोलादी फ्लँजचं उंचावलेलं तोंड लेथवर सपाट करून घ्यायचं, आणि बोल्टांच्या भोकांसकट पूर्ण तोंडाचं मऊ रबराचं गॅस्केट घालायचं. टॉर्कही कमी.

व्हॉल्व्हबद्दल एवढंच, की फ्लँजांच्या मध्ये चेपून बसणारा, आतून रबर लावलेला बटरफ्लाय व्हॉल्व्ह असेल तर वेगळं गॅस्केट घालू नका. ते रबरच गॅस्केट आहे. बसवताना त्याची तबकडी थोडी उघडी ठेवा, म्हणजे रबर फुगून तबकडीला चिकटत नाही. मग सगळे बोल्ट आवळायच्या आधी ती एकदा पूर्ण फिरवून पाहा, पाइपाच्या आतल्या कडेला लागत नाही ना.

आमचा जोड तर झाला, पण फोरमननी लगेच पाणी सोडू दिलं नाही. चार तास थांबायचं, म्हणाले. नवं गॅस्केट पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त बसतं, आणि तो तोटा दाब नसताना, पंप बंद असताना भरून काढायचा. पाइप गरम द्रवाचा असता तर एकदा तापल्यावर हे काम करता आलं नसतं. तंतुमय गॅस्केट तापून कडक होतं आणि नंतर पुन्हा आवळलं तर तडकतं. आमचं पाणी थंड होतं, पण नियम त्यांनी तोच पाळला.

चहा, जेवण, आणि मग पुन्हा ९५ वर ठेवलेला रेंच घेऊन मी गोल फिरलो. पहिला नट थोडा फिरला. मला वाटलं, मीच सकाळी चुकलो. दुसराही फिरला, थोडा कमी. आठही नट थोडे थोडे हलले. आणखी एक फेरी, मग कुणी हललं नाही. पाणी सोडलं, दाब चढवला, आणि मी फ्लँजखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला. थेंब डोळ्याला दिसण्याआधी कागदाला कळतो. सकाळी तो कागद कोरडाच होता, कडेला थोडी धूळ तेवढी जमली होती.